चेक बाउन्सची नोटीस पोस्टात टाकायच्या आधी कशी तपासायची (तारखा, नावं आणि "उक्त राशि")

इंदूरमध्ये आपल्या मराठी घरांतून मसाले, पापड, लोणची, कपडे असा छोटा धंदा करणारे खूप जण आहेत, आणि सियागंजमध्ये किंवा क्लॉथ मार्केटमध्ये माल उधार दिला की कधी ना कधी चेक परत येतोच. मग ओळखीच्या वकिलाकडे जायचं, तो देवासचा, महूचा, धारचा कुठलाही असो, तो हिंदीत नोटीस टाइप करवून व्हॉट्सअपवर पाठवतो आणि म्हणतो "देख लो, ठीक हो तो भेज देते हैं". आता हे "देख लो" म्हणजे नक्की काय बघायचं, ते इथे नीट सांगते, कारण चेकच्या नोटिशीत एक रक्कम किंवा एक तारीख चुकली तर पुढची सगळी केस तिथेच बसते. छोट्या गावातला वकील वाईट असतो असं अजिबात नाही. पण त्याचा टायपिस्ट जुन्या नोटिशीवरच नवीन टाइप करतो, घाई असते, आणि तुमचे कागद त्याच्यासमोर नसतात, ते तुमच्याकडे असतात. म्हणून ही तपासणी तुम्हीच करायची.

एक उदाहरण घेऊन पूर्ण करूया. नावं, आकडे सगळं समजावण्यासाठी घेतलेलं आहे. सुधा विलास काळे, इंदूरच्या, "सुधा गृह उद्योग" नावाने मसाले बनवतात, धंदा एकटीच्या नावावर आहे. त्यांनी सियागंजच्या "न्यू महावीर ट्रेडर्स"ला एकूण 2,10,000 रुपयांचा माल दिला. दुकानदाराने 2 जून 2025 ला 25,000 यूपीआयने दिले आणि उरलेल्या 1,85,000 चा चेक दिला, क्रमांक 004217, तारीख 12 जून 2025. पहिल्यांदा लावला तेव्हा 20 जूनला परत आला. दुकानदार म्हणाला पुन्हा लावा, पैसे टाकतो. पुन्हा लावला, 9 जुलैला पुन्हा परत, दोन्ही वेळा कारण खात्यात पुरेसे पैसे नाहीत. वकिलाने 25 जुलैला मसुदा पाठवला, त्यातला मुख्य भाग असा:

"यह कि मेरी पक्षकार श्रीमती सुधा विलास पति श्री काले से आपने मसाला माल हाथ उधार क्रय किया था, जिसके पेटे आपने चेक तथा 25,000 रुपये अदा किये, उक्त राशि बैंक में लगाने पर दिनांक 20/06/2025 को अनादरित होकर वापस प्राप्त हुई। अतः आप बकाया राशि 2,10,000 रुपये मय ब्याज सूचना दिनांक से 7 दिवस में अदा करें अथवा नया चेक देवें, अन्यथा देवास न्यायालय में कार्यवाही की जावेगी।"

वर पत्ता: "श्री महावीर ट्रेडर्स, प्रोप्रायटर महोदय, सियागंज, इंदौर."

पहिल्या वाचनात हे ठीकच वाटतं, भाषा कडक आहे, वजनदार आहे. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत घोळ आहे.

मसुदा उघडायच्या आधी कागद मांडा

सगळ्यात आधी मसुदा बाजूला ठेवा. एकदा तो वाचला की त्यातलीच तारीख डोक्यात बसते आणि मग मूळ कागदावरही तीच दिसायला लागते. टेबलावर चेक (किंवा त्याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स), बँकेचे दोन्ही रिटर्न मेमो म्हणजे चेक का परत आला ते लिहिलेल्या चिठ्ठ्या, बँकेत चेक भरल्याच्या स्लिपा, बिलं, आणि यूपीआयचा रेकॉर्ड मांडा. मग एका कोऱ्या कागदावर फक्त मूळ कागदांवरून तारखा क्रमाने लिहा: बिलं कधीची, 25,000 कधी आले, चेकवरची तारीख, पहिला मेमो, दुसरा मेमो, मेमो प्रत्यक्ष हातात कधी आला. प्रत्येक तारखेपुढे ती कुठल्या कागदावरून घेतली तेही लिहा. आठवणीतून एकही तारीख नको, "साधारण जूनमध्ये" असलं काही चालत नाही.

अजून एक, वकिलाकडून पीडीएफ मागवा. आपल्याकडे बरेच टायपिस्ट अजून कृतिदेव या जुन्या हिंदी फाँटमध्ये टाइप करतात, ती फाइल मोबाइलवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं, आणि मग कोणीतरी ते पुन्हा टाइप करतो, तेव्हा नवीन चुका घुसतात. म्हणून जो पीडीएफ प्रिंट होऊन पोस्टात जाणार आहे तोच तपासायचा, त्याच्या आधीचा मसुदा तपासून समाधान मानायचं नाही.

तारखा

कायदा इथे अगदी मोजून मापून आहे. परक्राम्य लिखत अधिनियम 1881, म्हणजे ज्याला सगळे एनआय ॲक्ट म्हणतात, त्याच्या कलम 138 प्रमाणे चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ज्या दिवशी खबर मिळाली तो दिवस मोजायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून एक.

आता मसुद्यात काय लिहिलंय बघा, 20/06/2025. ही पहिल्या वेळेची तारीख. 21 जूनपासून मोजलं तर तिसावा दिवस येतो 20 जुलै, आणि नोटीस निघणार 25 जुलैला. म्हणजे नोटीस स्वतःच सांगतेय की मी पाच दिवस उशिरा आले! समोरच्या वकिलाला दुसरं काही शोधावं लागणार नाही. खरं तर सुधाताईंची केस दुसऱ्या मेमोवर उभी आहे. 9 जुलैचा मेमो, 10 जुलैपासून मोजणी, तिसावा दिवस 8 ऑगस्ट. चेक त्याच्या वैध मुदतीत (चेकवरच्या तारखेपासून तीन महिने) पुन्हा लावता येतो आणि नंतरच्या परतीवरून नोटीस देता येते, हे सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पण नोटिशीत तसं लिहायला तर पाहिजे, दोन्ही वेळा सांगून: पहिल्यांदा 20 जूनला परत आला, तुमच्या सांगण्यावरून पुन्हा लावला, 9 जुलैला पुन्हा परत आला, आणि ही नोटीस त्या दुसऱ्या परतीबद्दल आहे.

मेमोवर तारीख 9 जुलै आणि शाखेतून तो हातात आला 11 ला, असं असलं तर मोजणी कुठून? कायदा खबर मिळाल्याचा दिवस म्हणतो, पण तो 11 होता हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येऊ शकते, आणि बरेचदा बँकेचा एसएमएस त्याच्या आधीच आलेला असतो. म्हणून सगळ्यात आधीची तारीख धरूनच हिशोब करा. आणि शेवटची तारीख तुम्ही काढलीत ती मसुद्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मोठी लिहून ठेवा, म्हणजे दुरुस्तीच्या फेऱ्यांमध्ये दिवस निघून जात नाहीत.

नोटिशीच्या वर छापलेली तारीख आणि पोस्टाच्या पावतीची तारीख, यात पावती महत्त्वाची. वर 25 जुलै छापलं आणि पोस्टात टाकली 2 ऑगस्टला, तर 2 ऑगस्ट धरतात. दोन्हीत जास्त अंतर ठेवू नका, उगाच प्रश्न निघतात. टायपिस्टची एक नेहमीची गंमत असते, जुन्या फाइलमधली तारीख शेवटच्या पानावर सहीजवळ तशीच राहते, पहिल्या पानावर बदललेली असते, तर शेवटचं पान नक्की बघा.

पुढे ते "सूचना दिनांक से 7 दिवस". हे दोन्ही बाजूंनी चूक. कायदा चेक देणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस देतो, नोटिशीच्या तारखेपासून नाही, आणि सात तर नाहीच. इथे "सूचना पत्र प्राप्ति दिनांक से 15 दिवस के भीतर" असंच पाहिजे. समजा नोटीस 29 जुलैला मिळाली, तर पंधरा दिवस 13 ऑगस्टला संपतात, आणि 14 ऑगस्टपासून एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. पंधरा दिवस पूर्ण व्हायच्या आधी केलेली तक्रार टिकत नाही आणि महिना उलटला तर उशिराचं कारण देऊन माफी मागावी लागते, म्हणून पोस्टाच्या वेबसाइटवरचा डिलिव्हरीचा रिपोर्ट त्याच आठवड्यात प्रिंट करून ठेवा.

नावं: कोणी दिला, कोणाला दिला

नावांची तपासणी चेकपासून सुरू करायची, दुकानाच्या बोर्डापासून नाही. बोर्डावर "श्री महावीर" असेल, चेकवर खातेदाराचं नाव "न्यू महावीर ट्रेडर्स" छापलेलं आहे, तर नोटिशीत न्यू महावीर ट्रेडर्सच. एकाच गल्लीत दोन्ही नावांची दुकानं असू शकतात, भाऊ-भाऊ वेगळे झाले की हेच होतं.

मग सहीजवळचा शिक्का बघा. आपल्या उदाहरणात शिक्क्यात "पार्टनर" लिहिलंय आणि मसुदा म्हणतो "प्रोप्रायटर महोदय". प्रोप्रायटर म्हणजे एकच माणूस, त्याचं दुकान आणि तो कायद्याने एकच. पार्टनरशिप म्हणजे फर्म आणि तिचे भागीदार. कंपनी म्हणजे तिसरंच. खात्री करायला बिलावरचा त्यांचा जीएसटी नंबर घ्या, gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाका, लॉगिन लागत नाही. तिथे Legal Name of Business, Trade Name आणि Constitution of Business असं स्वच्छ दिसतं. नंबर बघूनही अंदाज येतो: पहिले दोन आकडे राज्याचे, मध्य प्रदेशचे 23, त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, P असेल तर व्यक्ती, F असेल तर फर्म, C असेल तर कंपनी, H असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. प्रोप्रायटर लिहिलंय आणि सहावं अक्षर F आहे, की तिथेच वकिलाला फोन.

कंपनी असेल तर हे फारच नाजूक आहे. 2019 मध्ये हिमांशु विरुद्ध शिवमूर्ती या केसमध्ये चेक कंपनीचा होता, नोटीस फक्त सही करणाऱ्या डायरेक्टरला गेली, कंपनीला गेलीच नाही, आणि सुप्रीम कोर्टात केस टिकली नाही. भागीदारी फर्मबद्दल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने थोडा सैल दृष्टिकोन घेतलाय, भागीदारांना दिलेली नोटीस फर्मला दिल्यासारखी मानली. पण तुम्ही त्या वादात कशाला पडायचं? एक नोटीस, वर तीन नावं: फर्म, सही करणारा भागीदार, आणि धंदा बघणारा दुसरा भागीदार, प्रत्येकाला वेगळं पाकीट. दोन पाकिटांचा जास्तीचा पोस्टखर्च किरकोळ आहे.

आता आपल्या बाजूचं नाव, आणि इथे मराठी माणसाचा खास त्रास आहे. हिंदी टायपिस्टला "सुधा विलास काळे" यातलं विलास हे नवऱ्याचं नाव आहे हे कळत नाही, तो त्याच्या पद्धतीने "सुधा विलास पति श्री काले" करून टाकतो, म्हणजे आडनाव नवरा झालं. बरोबर असं: "श्रीमती सुधा पति श्री विलास काळे, प्रोप्रायटर, सुधा गृह उद्योग". आणि "ळ"चं काय? हिंदीत तो "ल" होतो, काळे काले होतात, पळसीकर पलसीकर. यावर भांडण करायची गरज नाही, पण एक ठरवा आणि नोटिशीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच ठेवा, म्हणजे पहिल्या पॅऱ्यात काले आणि तिसऱ्यात काळे असं नको. बँकेच्या खात्यावर जे नाव इंग्रजी अक्षरात आहे ते एकदा तसंच लिहून टाकलं तर ओळखीचा प्रश्नच मिटतो.

चेक कोणाच्या नावाने आहे तेही बघा. तो "सुधा गृह उद्योग"च्या नावाने आहे, म्हणून नुसतं सुधाताईंचं नाव घालून चालणार नाही, उद्योगाचं नाव आणि त्या त्याच्या मालक आहेत हे दोन्ही एकाच वाक्यात हवं.

"उक्त राशि" म्हणजे कोणती?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. नोटिशीत जिथे जिथे "उक्त", "उसके", "बकाया", "कुल" आलंय तिथे पेन्सिलीने गोल करा आणि समासात लिहा की याचा अर्थ काय. दोन अर्थ निघाले की वाक्य बदलायचं. मसुद्यातलं वाक्य घ्या: "आपने चेक तथा 25,000 रुपये अदा किये, उक्त राशि... अनादरित होकर". यावरून असं वाटतं की 25,000 पण परत आले! शिवाय 25,000 चेकच्या आधी आले की नंतर हेही कळत नाही, आणि हा फरक जिवावरचा आहे. कारण चेक दिल्यानंतर काही रक्कम मिळाली असेल आणि तरी पूर्ण रकमेचा चेक तसाच लावला, तर चेकची रक्कम खऱ्या देण्यापेक्षा जास्त ठरते, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या एका केसमध्ये याच मुद्द्यावर तक्रार नाकारली. सुधाताईंच्या बाबतीत पैसे 2 जूनला आले, चेक 12 जूनचा, 2,10,000 वजा 25,000 म्हणजे बरोबर 1,85,000. केस मजबूत आहे, पण मसुद्याने ती स्वतःच गढूळ केली.

मग मागणीचं वाक्य. मसुदा मागतोय 2,10,000 मय ब्याज. चेक आहे 1,85,000 चा. कलम 138 ची नोटीस चेकच्याच रकमेची मागणी करते, हे सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी सांगितलंय, आणि सप्टेंबर 2025 मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या केसमध्ये तर अजून कडक: चेक एक कोटीचा, नोटिशीत दोन कोटी लिहिलं गेलं, टायपिंगची चूक होती असं सांगितलं तरी नोटीस बाद ठरली. म्हणजे "वकीलसाहेब, शून्य जास्त पडलंय, कोर्टात सांगू" हा मार्ग बंद आहे. व्याज, नोटिशीचा खर्च हे मागायचंच असेल तर वेगळ्या पॅऱ्यात, वेगळी रक्कम म्हणून, चेकच्या रकमेत न मिसळता.

दुरुस्त केलेलं वाक्य असं झालं:

"आपने उक्त फर्म के लिये क्रय किये माल के बिलों की कुल राशि 2,10,000 रुपये में से 25,000 रुपये दिनांक 02/06/2025 को अदा किये तथा शेष 1,85,000 रुपये के भुगतान हेतु चेक क्रमांक 004217 दिनांक 12/06/2025 दिया... अतः सूचना पत्र प्राप्ति दिनांक से 15 दिवस के भीतर चेक क्रमांक 004217 की राशि 1,85,000 रुपये (एक लाख पचासी हजार रुपये) अदा करें।"

यातही "उक्त फर्म" आहेच, पण आता वर एकच फर्म आहे, म्हणून चालतं. अक्षरी रक्कम मोठ्याने वाचा. हिंदीत पचासी म्हणजे 85, आणि पचास, पचपन, पचासी यात टायपिस्टचं बोट सहज घसरतं.

"अथवा नया चेक देवें" पूर्ण काढा. ही मागणी नाही, पर्याय झाला, आणि समोरचा नवीन चेक देऊन म्हणेल मी तर नोटिशीचं पालन केलं. "हाथ उधार" पण काढा, ते कुठल्यातरी हातउसन्याच्या जुन्या नोटिशीतून आलंय. माल बिलावर दिला होता, हातउसने नव्हते, आणि नोटीस एक सांगतेय आणि बिलं दुसरं असं झालं की उलटतपासणीत तेच धरतात.

आणि देवास न्यायालय? वकील देवासचा म्हणून ते आलं. कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर चेक खात्यात भरून लावला असेल तर ज्याला पैसे मिळायचे त्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. सुधाताईंचं खातं इंदूरच्या शाखेत, म्हणून इंदूर. कोर्टाचं नाव नोटिशीत न घालता "सक्षम न्यायालय" लिहिलं तरी चालतं, पण आपली शाखा आणि समोरच्याची शाखा यांची अदलाबदल झाली नाही ना ते बघा, ही अदलाबदल फार होते.

दोघांनी मिळून वाचा

एवढं झालं की शेवटची फेरी दोघांनी करायची. एकाच्या हातात मूळ कागद, दुसऱ्याच्या हातात नोटीस. मूळ कागदवाला एकेक आकडा सुटा वाचतो, "शून्य शून्य चार दोन एक सात", दुसरा नोटिशीत त्यावर टिंब मारतो. चेक क्रमांक, तारीख, रक्कम, बँक, शाखा, मेमोची तारीख, मेमोवरचं कारण, पत्ता, पिनकोड. मेमोवरचं कारण तुमच्या शब्दात नको, मेमोवर जे छापलंय तेच. घरातल्या शाळकरी मुलालाही हे काम देता येतं, उलट तो जास्त काटेकोर असतो.

वकिलाला दुरुस्त्या सांगताना नवीन मसुदा स्वतः लिहून पाठवू नका, त्याला ते आवडत नाही आणि सही त्याची असते. पानावर खुणा करून फोटो पाठवा आणि फोनवर साधं विचारा: "वकीलसाब, मेमो की तारीख नौ जुलाई है, इसमें बीस जून कैसे आई?" चांगला वकील लगेच बदलतो. पण रक्कम किंवा मेमोची तारीख बदलायला तो टाळाटाळ करत असेल, "चलता है" म्हणत असेल, तर सही होऊ देऊ नका, मुदत असेपर्यंत दुसऱ्याला दाखवा.

पूर्वी रजिस्टर्ड एडी करायचे, 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तर आता स्पीड पोस्ट. पावतीवरचं नाव आणि पत्ता नोटिशीशी जुळवा, खिडकीवरचा माणूस घाईत नाव अर्धंच टाइप करतो. समोरच्याने पाकीट घेतलं नाही, "लेने से इंकार" होऊन परत आलं, तर न फोडता तसंच ठेवा. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असं कोर्ट सहसा धरतं, पण पत्ता बरोबर होता हे दाखवायला ते बंद पाकीटच लागतं.

आणि पोस्टात टाकल्यावर चूक दिसली तर? तीस दिवस बाकी असतील तर त्याच दिवशी वकिलाला सांगून दुरुस्त नोटीस पाठवा, त्यात आधीच्या नोटिशीची तारीख लिहून ती चूक कोणती ते सांगा. म्हणूनच 8 ऑगस्टची वाट न बघता 26-27 जुलैला टाकणं बरं. तीस दिवस उलटले असतील, पण चेक अजून तीन महिन्यांच्या आत असेल, तर तो पुन्हा लावून नवीन परतीवर नवीन नोटीस देता येईल का हे वकिलाला लगेच विचारा. आपल्या चेकसाठी ती खिडकी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी आहे, आणि बँकेला क्लिअरिंगला लागणारे दिवसही त्यातच मोजायचे.